मित्राचे ध्येय स्पष्ट व्हावे म्हणून सल्ला न देता विचारायचे प्रश्न

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत दहा-बारा वर्षे नोकरी केलेला मित्र एखाद्या संध्याकाळी म्हणतो, ‘नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी टाकायचं आहे.’ त्याचे वाक्य पुरते संपण्याआधीच आपल्याकडे उत्तरे तयार असतात. कुणी त्याला मुद्रा कर्जाची माहिती सांगतो, कुणी धंद्यात बुडालेल्या मेहुण्याची गोष्ट सांगतो, तर कुणी पाठीवर थाप मारून ‘टाक की मग, बघतोस काय’ म्हणतो. यांतला प्रत्येक जण मनापासून बोलत असतो. तरीही ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे कुणीच विचारलेले नसते आणि मित्र आला तसाच धूसर विचार घेऊन घरी परततो.

या लेखात अशाच एका संभाषणाची रीत टप्प्याटप्प्याने मांडली आहे. विषय जाणीवपूर्वक मर्यादित ठेवला आहे. मित्राच्या मनात एक मोघम इच्छा आहे आणि सुमारे तासाभराच्या बोलण्यात ती त्याच्याच शब्दांत नेमकी व्हावी, एवढाच आपला हेतू आहे. निर्णय घेणे, योजना आखणे किंवा त्याला धीर देणे ही कामे त्यानंतरची आहेत.

ही रीत एका माणसाने शोधलेली नाही. १९७० च्या दशकात टिमोथी गॅलवे या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाच्या लक्षात आले की खेळाडूला सूचना देण्याऐवजी त्याला काय दिसते, काय जाणवते हे विचारले, तर तो स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करतो. त्यातून प्रेरणा घेऊन जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ध्येय, सद्यःस्थिती, पर्याय आणि निश्चय असा प्रश्नांचा क्रम रूढ केला. समुपदेशनाच्या क्षेत्रात विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांनी एका सवयीकडे लक्ष वेधले. समोरचा अडचण सांगू लागला की ती दुरुस्त करण्याची ऊर्मी ऐकणाऱ्याला अनावर होते, आणि ऐकणारा बदलाची बाजू मांडू लागला की दुविधेत असलेला माणूस आपोआप विरुद्ध बाजू मांडू लागतो. आपण मित्राला ‘कर की’ म्हटले की तो ‘पण’ने सुरू होणारी वाक्ये बोलू लागतो, त्याचे कारण हेच आहे. सल्ला आवरण्यामागचे व्यवहारी कारणही एवढेच आहे. त्यात सौजन्याचा प्रश्न नाही.

बसण्याआधी ठरवायच्या गोष्टी

जागा अशी निवडावी की ओळखीचा माणूस दर पाच मिनिटांनी येऊन ‘काय चाललंय’ म्हणून उभा राहणार नाही. कोल्हापुरात हे वाटते तितके सोपे नाही, कारण पेठेत आणि तालमीत सगळेच एकमेकांना ओळखतात. रंकाळ्याच्या पदपथावर किंवा विद्यापीठाच्या परिसरात चालत बोलणे सोयीचे पडते. शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, त्यामुळे मधली शांतता अवघड वाटत नाही. फोन खिशात ठेवावा आणि ‘यातलं काही माझ्याकडून बाहेर जाणार नाही’ हे सुरुवातीलाच शब्दांत सांगावे. मैत्रीत ते गृहीतच असते असे आपल्याला वाटते, पण मित्राच्या मनात त्याच्या साहेबाचे किंवा सासऱ्यांचे कान असतात.

त्यानंतर परवानगी घ्यावी. ‘मी आज काही सुचवत नाही, नुसतं विचारतो. चालेल?’ एवढे पुरे होते. हे वाक्य गाळले, तर आपले एकामागून एक येणारे प्रश्न मित्राला उलटतपासणीसारखे वाटतात आणि आपले मत न सांगणे त्याला परकेपणाचे वाटते. आपल्याकडे सल्ला देणे ही आपुलकीची खूण मानली जाते, म्हणून तो का रोखून धरला आहे हे आधी सांगणे आवश्यक आहे.

स्वतःलाही एक प्रश्न विचारून घ्यावा: या माणसाने काय ठरवावे यात माझा काही स्वार्थ आहे का? तो माझ्या दुकानात भागीदार व्हावा, त्याने गाव सोडू नये किंवा माझ्याकडून उसने घेतलेले पैसे आधी फेडावेत, असे मनात असेल, तर या संभाषणासाठी मी योग्य माणूस नाही. असा मित्र कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचे प्रश्न नकळत एका बाजूला झुकतात.

प्रश्नाची घडण

प्रश्न लहान, खुला आणि एका वेळी एकच असावा. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येऊ शकणारा प्रश्न माणसाला विचार करायला लावत नाही, तर बाजू निवडायला लावतो. दोन प्रश्न जोडून विचारले, तर तो सोप्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि अवघड प्रश्न सुटून जातो.

सर्वांत जास्त सांभाळायचे ते प्रश्नाचे सोंग घेतलेल्या सल्ल्याला. ‘आधी थोडे पैसे साठवावेत असं तुला नाही वाटत?’, ‘तू बँकेत का विचारत नाहीस?’, ‘घरच्यांशी बोललास की नाही?’ या तिन्ही वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण तिन्हींमध्ये उत्तर आधीच ठरलेले आहे. ते ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. प्रश्न विचारताना त्याचे ‘बरोबर’ उत्तर माझ्या मनात तयार असेल, तर तो सल्ला आहे. खऱ्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते. ‘पैशाचं चित्र आज कसं आहे?’ हा तोच विषय खुला ठेवणारा प्रश्न आहे.

दुसरी काळजी ‘का’ विचारणाऱ्या प्रश्नांची. ‘नोकरी का सोडायची आहे?’ असे विचारले की माणूस समर्थन करू लागतो. साहेब कसा आहे, पगार कसा वाढत नाही, शिफ्ट कशा बदलतात हे तो पटवून देऊ लागतो. ‘नोकरी सोडल्यावर काय वेगळं होईल?’ असे विचारले, तर तोच माणूस पुढे पाहून बोलतो. ‘का’ पूर्ण वर्ज्य नाही. मापनपट्टीच्या प्रश्नात तो फार उपयोगी पडतो आणि त्याविषयी पुढे येईल. पण संभाषणाच्या आरंभी ‘काय’, ‘कसं’, ‘कशावरून’ आणि ‘केव्हा’ यांवरच भिस्त ठेवावी.

तिसरी गोष्ट शांततेची. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातील संभाषणांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी १ सेकंदच थांबत होते. ही वेळ ३ सेकंदांपर्यंत किंवा त्याहून पुढे नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले. तो अभ्यास वर्गातला होता, पण मित्राशी बोलतानाही अनुभव तसाच येतो. ध्येयाविषयीच्या प्रश्नाला ३ सेकंदही अपुरे पडतात. मनात सावकाश १० पर्यंत मोजावे. मित्र दूर कुठेतरी पाहत असेल, चालण्याचा वेग मंदावला असेल, तर तो विचार करतो आहे आणि तेव्हा तोंड उघडू नये. तो आपल्याकडे गोंधळून पाहू लागला, तरच प्रश्न अधिक सोप्या शब्दांत पुन्हा विचारावा.

एक संभाषण, आरंभापासून

आता एक कल्पित उदाहरण पूर्ण पाहू. प्रशांत ३४ वर्षांचा आहे आणि शिरोलीच्या एका फाउंड्रीत ११ वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम करतो. महेश त्याचा शाळेपासूनचा मित्र असून त्याचे राजारामपुरीत हार्डवेअरचे दुकान आहे. प्रशांतचे पहिले वाक्य वर दिलेलेच आहे.

महेशचा पहिला प्रश्न ध्येयाविषयी नसून त्या संध्याकाळविषयी असतो. ‘आज आपण बोलून झाल्यावर तुझ्याकडे काय असलं म्हणजे बोलल्याचं समाधान वाटेल?’ प्रशांत म्हणतो, ‘निदान मला नक्की काय पाहिजे ते तरी कळलं पाहिजे. रोज वेगळं वाटतंय.’ हा प्रश्न बहुतेक मित्र गाळतात. त्याचा उपयोग असा की माणसाला निर्णय हवा आहे, स्पष्टता हवी आहे की फक्त मन मोकळे करायचे आहे, हे सुरुवातीलाच कळते. प्रशांत ‘कुठं काय, नुसतं डोकं उठलंय’ असे म्हणाला असता, तर पुढचा एकही प्रश्न न विचारता ऐकत राहणे हेच योग्य ठरले असते.

मग महेश चित्र मागतो. ‘समज, दोन वर्षं झाली आणि तुझ्या मनासारखं झालंय. साधा मंगळवार आहे. सकाळपासून काय काय चाललंय ते सांग.’ सणाचा किंवा उद्घाटनाचा दिवस न घेता साधा वार घेण्यामागे कारण आहे. उद्घाटनाच्या चित्रात हार, पेढे आणि पाहुणे येतात. साध्या दिवसाच्या चित्रात माणूस प्रत्यक्ष काय करतो ते येते. प्रशांत सांगतो की सकाळी सातला शेड उघडलेले आहे, दोन मशीन चालू आहेत, दोन पोरे कामाला आहेत, फाउंड्रीतून आलेले कास्टिंग मशीनिंग करून परत जाते आहे आणि रात्रपाळी नसल्यामुळे संध्याकाळी तो घरी आहे.

येथे थांबून ‘छान, मग जॉब वर्कचं शेड टाकायचं’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण या चित्रात पाच-सहा गोष्टी आहेत आणि त्यांतली कोणती महत्त्वाची आहे हे अजून कुणालाच माहीत नाही. म्हणून महेश विचारतो, ‘यातलं काय काढून टाकलं तरी चालेल? आणि काय काढलं तर सगळंच मोडेल?’

या प्रश्नावर प्रशांत बराच वेळ गप्प राहतो. मग म्हणतो, ‘शेड भाड्याचं चालेल. मशीन एक असलं तरी चालेल. पोरं नसली तरी मी उभा राहीन.’ पुन्हा थोडे अंतर चालून झाल्यावर तो पुढे बोलतो. ‘पण मी माल रिजेक्ट केला की तो रिजेक्ट झाला पाहिजे. परवा एका लॉटमध्ये ब्लो होल दिसत होते, उघड्या डोळ्यांनी दिसत होते. मी लाल खूण केली. वरून फोन आला, जाऊ दे पाठवून. सही माझी घेतली.’

हे वाक्य सल्ल्यातून कधीच बाहेर आले नसते. ते ऐकल्यावर महेश मालकाला नावे ठेवत नाही आणि स्वतःच्या दुकानातली तशीच गोष्टही सांगत नाही. दोन्ही केले असते तर बोलणे तिथेच दुसरीकडे वळले असते. तो ऐकलेले मित्राच्याच शब्दांत परत ठेवतो: ‘तू रिजेक्ट केला की तो रिजेक्ट झाला पाहिजे.’ मित्राने वापरलेला शब्द बदलू नये. ‘म्हणजे तुला निर्णयस्वातंत्र्य हवंय’ असे सुधारून सांगितले, की वाक्य आपले होते आणि त्याची पकड सुटते.

त्यानंतरचा प्रश्न ध्येयाच्या मागे काय आहे ते पाहणारा आहे. ‘ते तसं झालं, तर त्यातून तुला काय मिळेल?’ प्रशांत म्हणतो, ‘रात्री झोप लागेल. माझ्या सहीला किंमत आहे असं वाटेल.’ हा प्रश्न फार तर दोनदा विचारावा. तिसऱ्यांदा विचारला की उत्तरे ‘सुख’, ‘समाधान’, ‘शांती’ अशी सर्वांनाच लागू पडणारी येऊ लागतात आणि नेमकेपणाऐवजी पुन्हा मोघमपणाकडे आपण जातो. उत्तर एखाद्या साधूच्या तोंडी शोभेल असे वाटले, की एक पायरी खाली उतरावे.

आज नेमके काय आहे

ध्येयाचा गाभा हाती आला की वर्तमानाकडे वळावे. येथे प्रश्न कोरडे असावेत. ‘यासाठी आत्तापर्यंत काय करून पाहिलंस?’, ‘त्याचं काय झालं?’, ‘आज तुझ्या हातात काय आहे आणि काय नाही?’ या ठिकाणी आकडे आणि घटना मागाव्यात, मते मागू नयेत. ‘धंद्यात आता काही राहिलं नाही’ हे मत आहे. ‘गेल्या महिन्यात कुणाशी बोललास, तो काय म्हणाला?’ याचे उत्तर घटना असते. महेशला अशा प्रश्नांतून कळते की प्रशांतने एका जुन्या मशीनची चौकशी केली होती, किंमत ऐकून विषय सोडला होता आणि त्याच्यावर घराचा हप्ता चालू आहे.

या टप्प्यावर मापनपट्टीचा प्रश्न उपयोगी पडतो. मिलवॉकीमध्ये स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी विकसित केलेल्या समुपदेशनाच्या पद्धतीत तो प्रमुख आहे. महेश विचारतो, ‘० म्हणजे नुसती इच्छा आणि १० म्हणजे पूर्ण तयारी, तर आज तू कितीवर आहेस?’ प्रशांत म्हणतो, ‘४.’

आता पुढचा प्रश्न कोणत्या दिशेने विचारायचा यावर सगळे अवलंबून आहे. ‘फक्त ४? ८ का नाही?’ असे विचारले, तर मित्र स्वतःच्या उणिवा मोजू लागतो. ‘४ म्हणालास, २ का नाही?’ असे विचारले, तर त्याला स्वतःच्या जमेच्या बाजू सांगाव्या लागतात. मिलर आणि रोलनिक यांच्या पद्धतीतही हीच दिशा आहे, कारण माणूस स्वतःच्या तोंडून जी कारणे देतो ती त्याला अधिक पटतात. प्रशांत म्हणतो, ‘११ वर्षं गेज हातात आहे. शिवाय दोन-तीन लहान मशीन शॉपवाले अडचण आली की मलाच बोलावतात. रविवारी जाऊन त्यांचा माल बघून देतो.’ महेश विचारतो, ‘त्याचे काय घेतोस?’ प्रशांत म्हणतो, ‘काय घेणार, ओळखीचेच आहेत. चहा पिऊन येतो.’

आणि मग, ‘५ वर गेलास तर काय वेगळं दिसेल?’ एकच अंक पुढे सरकवावा, थेट १० कडे जाऊ नये. प्रशांतचे उत्तर लगेच येते. ‘घरात सांगितलेलं असेल. बायकोला अजून यातलं काही माहीत नाही.’ महेश येथे ‘अरे, आधी तिला सांग की!’ असे म्हणत नाही. ती गोष्ट प्रशांतने स्वतःच टेबलावर ठेवली आहे, तिच्यावर बोट ठेवण्याची गरज उरलेली नाही.

पर्याय आणि ‘आणखी काय?’

पर्याय विचारताना पहिली दोन-तीन उत्तरे माणसाने आधीच अनेकदा मनात घोळवलेली असतात. नवे काही येते ते त्यानंतर. म्हणून या टप्प्यावर सर्वांत उपयोगी प्रश्न म्हणजे ‘आणखी काय करता येईल?’ आणि तो न कंटाळता, आवाजात घाई न आणता, चार-पाच वेळा विचारावा. प्रशांत आधी म्हणतो, ‘कर्ज काढून शेड टाकायचं.’ मग म्हणतो, ‘नाहीतर दुसऱ्या कंपनीत जायचं.’ तिसऱ्या वेळी म्हणतो, ‘नाहीतर आहे तिथंच गप्प बसायचं.’ चौथ्या ‘आणखी काय?’ला तो थांबतो आणि म्हणतो, ‘मशीन घ्यायचंच कशाला? रविवारी जे फुकट बघून देतोय, तेच पैसे घेऊन केलं तर? रिपोर्टवर सही माझी. ज्याला पटेल तो घेईल.’

महेशच्या मनात याच वेळी एक शंका येते: नोकरीत असताना बाहेरचे असे काम करता येते का? ही शंका खरी आहे आणि महत्त्वाची आहे. सल्ला न देण्याचा अर्थ मित्राला खड्ड्याकडे जाताना पाहत राहणे असा नाही. प्रथम खुला प्रश्न विचारावा, ‘याच्या आड काय काय येऊ शकतं?’ प्रशांत स्वतःच म्हणतो, ‘अपॉइंटमेंट लेटरमध्ये काहीतरी लिहिलेलं असतंय. बघायला पाहिजे.’ त्याच्या ते लक्षात आले नसते, तर महेशने परवानगी घेऊन सांगायला हवे होते: ‘एक माहिती डोक्यात आली आहे, सांगू का?’ माहिती सांगून झाल्यावर लगेच प्रश्नाकडे परतावे, ‘याचा तुझ्या विचारावर काय परिणाम होतो?’ माहिती आणि सल्ला यांतली सीमारेषा येथेच आहे. नियम, तारीख, पत्ता, किंमत या गोष्टी सांगाव्यात. त्यांचे वजन किती मानायचे हे मित्राने ठरवावे.

वाक्य त्याच्याच हाताने लिहिले जावे

आतापर्यंतचे बोलणे हवेत विरू नये म्हणून महेश विचारतो, ‘आता तुझं ध्येय एका वाक्यात सांगायचं झालं तर कसं सांगशील?’ हे वाक्य मित्राने स्वतःच्या फोनमध्ये किंवा कागदावर लिहावे; आपण त्याच्यासाठी लिहून देऊ नये. प्रशांतचा पहिला प्रयत्न असा आहे: ‘कुणाच्या दबावाखाली काम करायचं नाही.’ हे वाक्य काय नको ते सांगते, काय हवे ते सांगत नाही. नकाराच्या रूपात मांडलेल्या ध्येयाची अडचण अशी की ते कधी पूर्ण झाले हे कळत नाही. महेश विचारतो, ‘ते नसेल, तेव्हा त्याच्या जागी काय असेल?’ आणि मग, ‘ते झालं हे तुला कशावरून कळेल?’, ‘केव्हापर्यंत?’

दोनदा खोडून प्रशांत लिहितो: ‘येत्या दिवाळीपर्यंत नोकरी चालू ठेवून, रविवारी किमान दोन मशीन शॉपचं तपासणीचं काम पैसे घेऊन करायचं, रिपोर्टवर सही माझी, आणि लोक त्यासाठी पैसे देतात का हे बघायचं.’ नोकरी सोडण्याचा विषय या वाक्यात नाही आणि शेडही नाही. कदाचित दिवाळीनंतर दोन्ही परत येतील. आजची स्पष्टता एवढीच आहे आणि ती त्याने मिळवलेली आहे.

पहिल्या पावलासाठी दोन प्रश्न पुरतात. ‘यातलं सगळ्यांत लहान, या आठवड्यात होण्यासारखं काय आहे?’ आणि ‘ते नेमकं कधी, कुठं करणार?’ पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात असे दिसले की ‘करीन’ एवढ्यावर न थांबता ‘अमुक वेळ आली की अमुक करीन’ असे ठरवणाऱ्यांच्या हातून ठरवलेले काम अधिक वेळा होते. प्रशांत म्हणतो, ‘शनिवारी पहिली पाळी सुटली की घरी जाऊन कपाटातलं लेटर काढतो. आणि रात्री जेवण झाल्यावर बायकोशी बोलतो.’ मग महेश अडथळाही विचारतो, ‘शनिवारी ते होऊ नये असं काय घडू शकतं?’ उत्तर येते, ‘पाळी सुटल्यावर थांबवून घेतलं तर.’ ‘मग?’ ‘मग रविवारी सकाळी.’

बोलणे चुकते आहे हे कसे ओळखावे

सर्वांत खात्रीची खूण म्हणजे कोण किती बोलतो आहे. मित्रापेक्षा आपला आवाज जास्त वेळ ऐकू येत असेल, तर प्रश्न संपून व्याख्यान सुरू झालेले आहे. दुसरी खूण ‘हो, पण’. मित्र सलग दोन-तीनदा ‘हो, पण’ म्हणाला, की आपण नकळत काहीतरी सुचवले असे समजावे आणि ‘मी जरा पुढं गेलो, तू सांग’ म्हणून मागे यावे. तिसरी खूण फार सहज येणाऱ्या उत्तरांची. मित्र न थांबता, ठरलेल्या शब्दांत उत्तरे देत असेल, तर तो पूर्वी अनेकांना सांगितलेलेच सांगत आहे. तेव्हा विषय न बदलता ‘मागच्या आठवड्यातला एखादा प्रसंग सांग’ असे म्हणून तपशिलाकडे न्यावे. ब्लो होलचा प्रसंग प्रशांतने आपणहून सांगितला. सगळेच तसे सांगत नाहीत.

मित्र थेटच विचारेल, ‘ते राहू दे, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?’ हा प्रश्न टाळणे अप्रामाणिक वाटते आणि त्याचे उत्तर लगेच दिले तर सगळे बोलणे त्या उत्तराभोवती फिरू लागते. ‘माझं मत आहे आणि शेवटी विचारलंस तर सांगतो. त्याआधी एवढं सांग, माझ्याकडून कुठलं उत्तर आलेलं तुला आवडेल?’ असे म्हणावे. या प्रश्नाला मित्र बहुधा हसतो आणि खरे उत्तर देतो, कारण कोणत्या उत्तराची आपण वाट पाहत होतो हे त्याला त्याच क्षणी कळते. शेवटी त्याने पुन्हा विचारलेच, तर शब्द पाळून मत सांगावे.

आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. ध्येय सांगताना वाक्याचा कर्ता कोण आहे? ‘बाबांना वाटतंय’, ‘घरच्यांची इच्छा आहे’, ‘आमच्या बॅचचे सगळे अधिकारी झाले’ अशी वाक्ये येत असतील, तर ध्येय कुणाचे आहे हा प्रश्न उघड विचारावा. ‘यातलं तुला स्वतःला किती पाहिजे?’ स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत अनेक वर्षे बसलेल्या मित्राशी बोलताना हा प्रश्न फार हळुवारपणे आणि एकदाच विचारावा. उत्तर त्याच दिवशी मिळावे असा आग्रह धरू नये. घरच्यांच्या इच्छेला त्याच्या लेखी खरेच मोल असू शकते आणि तेही त्याने ठरवायचे आहे.

काही वेळी ही रीत वापरूच नये. मित्राला अपघाताची, आजाराची किंवा कायद्याची तातडीची अडचण असेल, तर प्रश्न विचारत बसण्याऐवजी त्याला डॉक्टरांकडे किंवा वकिलांकडे घेऊन जावे. सावकाराचा तगादा लागलेल्या माणसाला ‘दोन वर्षांनंतरचा मंगळवार’ विचारणे क्रूर ठरते. आणि बोलताना ‘जगून तरी काय करायचं’ अशा अर्थाचे शब्द आले, तर ध्येयाचा विषय तिथेच सोडून द्यावा, त्याच्या मनात जीव देण्याचा विचार येतो का हे सरळ विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि जवळच्या माणसांची तसेच टेलिमानस या शासकीय हेल्पलाइनची मदत घ्यावी. तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि ती चोवीस तास चालू असते.

पुढची भेट

निघण्यापूर्वी महेश विचारतो, ‘मी रविवारी विचारू का, की तू सांगशील?’ पाठपुरावा कसा व्हावा हेही मित्रानेच ठरवावे. काहींना आठवण करून दिलेली आवडते, काहींना ती टोचते.

रविवारी प्रशांतने लेटर पाहिले नसेल, तर ‘का नाही पाहिलंस?’ हा प्रश्न पुन्हा समर्थनाकडे नेईल. ‘शनिवारी काय झालं?’ असे विचारावे आणि ऐकावे. पाळी लांबली असेल, तर नवी वेळ ठरेल. कपाट उघडून लेटर हातात घेऊनही वाचले नसेल, तर पुढचा प्रश्न ‘वाचलं असतंस तर काय कळायची भीती वाटत होती?’ हा असेल आणि कदाचित ध्येयाचे वाक्य पुन्हा लिहावे लागेल. बायकोशी बोलणे झाले असेल, तर ती काय म्हणाली एवढेच विचारावे, कारण त्या उत्तरानंतर ४ चा आकडा बदललेला असण्याची शक्यता आहे आणि तो नव्याने विचारूनच पुढचे बोलणे सुरू करता येते.